चवलीला एक, पावलीला दोन

सन 1957, मे महिना, पुण्याची मंडई. चौथीची परीक्षा झाली आहे, शाळेला सुट्टी आहे. अष्टकोनी मनोऱ्याच्या बाहेर, आजीनं अंथरलेल्या गोणपाटावर तू मांडी घालून बसली आहेस. समोर रायवळ आंब्यांची पाटी आणि गुडघ्याशी गल्ल्याचा पत्र्याचा डबा. महिनाभरापूर्वी, 1 एप्रिलला, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. जुनी नाणी मात्र अजून चालतात, त्यामुळे डब्यात आणे नि नवे पैसे एकत्र खुळखुळतात.

सकाळी दलालाकडून बारा डझन आंबे आले, नऊ रुपयांना. बारा डझन म्हणजे एकशे चव्वेचाळीस, आणि नऊ रुपयांचे आणेही तेवढेच. आण्याला एक आंबा पडला, असं तू लगेच सांगून टाकलंस. आजी नुसती हसली. हमालाला तिनं पावली दिली, जागेच्या पट्टीची चवली दिली आणि आंबे निवडायला घेतले. प्रत्येक आंबा देठाकडून हुंगायचा, मग अंगठ्यानं हलकेच दाबायचा. देठाभोवती काळं आणि मऊ लागलं की आतून गेलेला समजायचा. असे बारा निघाले, ते गायीला. आणखी बारा डागी, ते वेगळे. चांगले उरले दहा डझन.

“आता सांग, कितीला पडला?”

नऊ रुपये आणि वरखर्चाचे सहा आणे मिळून दीडशे आणे. त्याला एकशेवीसनं भाग. सव्वा आणा! डागी आंब्यांचं जे येईल ते वरचं, ते आजी या हिशेबात धरतच नाही. चवलीला एक विकला तर आण्याला आणा सुटेल असं वाटत होतं. सुटणार पाऊणच आणा.

दिवसभरात आठ डझन गेले, सव्वा रुपया डझनानं. सव्वाकीत आठाला दहा, त्यामुळे इथं बोटंसुद्धा मोडावी लागली नाहीत. दोन डझन सुटे गेले, चवलीला एक, त्याचे तीन रुपये. डागी बारा मिळून अधेलीला रसवाल्यानं उचलले. एकूण साडेतेरा रुपये. सव्वानऊ रुपये नि चवली वजा जाता नफा चार रुपये दोन आणे. (आजीची पहाटेपासूनची बैठक यात धरलेली नाही. ती कोणीच धरत नाही.)

दिवेलागणीला डबा गोणपाटावर उपडा होतो. हमाली नि पट्टी आजीनं कनवटीच्या पैशातून दिली होती, म्हणजे डब्यात पुरते साडेतेरा हवेत. तू दोनदा मोजतेस. तेरा रुपये बेचाळीस नवे पैसे. आठ नवे पैसे कमी.

“आठ नवे म्हणजे जुने किती?”

“सव्वा आणा, आजी.”

“म्हंजे एक आख्खा आंबा! कुणाला जास्त मोड दिलीस गं?”

डोळ्यांत पाणी येतं, पण तू नाणी वेगळी करायला घेतेस. चौकोनी, बैलाचं चित्र असलेल्या चवल्या एका बाजूला: आठ. नव्या नाण्यांचा ढीग दुसऱ्या बाजूला: ‘रुपये का दसवाँ भाग’ लिहिलेलं कातरलेल्या कडेचं दहाचं नाणं आणि त्याच्या जोडीला दोनाचं. अशा सोळा जोड्या. सुटे आंबे चोवीस. आठ आणि सोळा चोवीसच होतात. मोड कुणालाच जास्त गेलेली नाही.

मग सरकारी कोष्टक आठवतं. आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. आणा म्हणजे खरं तर सव्वासहा नवे पैसे आणि चवली म्हणजे साडेबारा. अर्ध्या पैशाचं नाणंच नाही, म्हणून नियमानं अर्धा सोडायचा. नव्या पैशांत चवली घेतली की अर्धा पैसा गिऱ्हाइकाच्या खिशात राहतो. सोळा वेळा अर्धा, म्हणजे आठ.

आजीला नियम पटत नाही. “मग तेरा घे.” तेरा मागितले तर गिऱ्हाईक कोष्टक दाखवून भांडेल, हे तू सांगतेस. नफा राहिला चार रुपये नि वर चारेक नवे पैसे.

आजी दहाची नाणी फडक्यात बांधते, दलालाचे नऊ रुपये वेगळ्या गाठीत. तुला मात्र कोष्टकातली शेवटची ओळ सोडवत नाही. चार आण्यांचे पंचवीस: तिथं काहीच सुटत नाही, काहीच उरत नाही.

“आजी, उद्या सुटा नको. पावलीला दोन म्हण.”

“आन् एकच मागितला तर?”

“आधी विचार, चवली आहे का.”

“आन् नसंल तर?”

“तर डागीतला दे.”



आजी पाटी डोक्यावर घेता घेता थांबते. “तुला शाळंत हे बी शिकवत्यात व्हय?”