शिबिरातला उतरलेला रक्तदाब

या व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय घ्यायचा असतो आणि बुऱ्हाणपूरच्या माणसाने इतिहास म्हटला की तुम्ही शाही किल्ला, नाही तर कुंडी भंडारा यांची वाट पाहता. मी मात्र एका चुकीचा इतिहास सांगणार आहे, कारण ती चूक मी स्वतः केली आणि छापूनही आणली.

तीसेक वर्षांपूर्वी गावातल्या एका मोफत शिबिरात आम्ही सकाळभर रक्तदाब मोजला. वरचा आकडा 160 च्या पुढे गेलेल्यांची वेगळी यादी केली. आधीपासून गोळ्या घेणारे वगळले आणि उरलेल्यांना होमिओपॅथीचे औषध दिले. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजले, तर बहुतेकांचा आकडा खाली आलेला. मी टिपण लिहिले, ते एका स्मरणिकेत छापून आले आणि मी त्याच्या झेरॉक्स वाटल्या. शंका मनाला शिवलीसुद्धा नाही.

तीत काय चुकले ते समजायला इंग्लंडमध्ये 1886 साली जावे लागते. फ्रान्सिस गाल्टन याने त्या वर्षी आईबाप आणि मुले यांच्या उंचीवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात 928 प्रौढ मुले आणि त्यांच्या आईबापांच्या 205 जोड्या होत्या. आईबापांची मिळून उंची सरासरीपेक्षा जितकी जास्त, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच मुलांची जास्त भरली. ठेंगण्यांचे उलट झाले, त्यांची मुले सरासरीच्या जवळ सरकली. हे पाहून कोणालाही वाटेल की निसर्ग टोकाच्या माणसांना हळूहळू मध्यावर ओढतो आहे. पण गाल्टनने तोच हिशेब उलटा करून पाहिला. फार उंच मुले निवडून त्यांच्या आईबापांची उंची काढली, तर तीही सरासरीकडे झुकलेलीच निघाली. मुलांकडून आईबापांकडे काही ओढ जाऊ शकत नाही. म्हणजे ओढणारे कोणी नव्हतेच. टोकाची माणसे निवडली, की त्यांच्याशी अर्धवट जुळणारे दुसरे कुठलेही मोजमाप कमी टोकाचे येते.

आता शिबिराकडे या. माणसाचा रक्तदाब दिवसागणिक हलतो. जिना चढून आला, रांगेत उभा राहिला, रात्री झोप झाली नाही, की आकडा चढतो. 160 च्या वरच्या यादीत खरोखर जास्त दाबाची माणसे आली, आणि त्या सकाळपुरता ज्यांचा आकडा चढला होता तीही आली. ज्यांचा त्या सकाळी योगायोगाने उतरला होता, ती मात्र यादीबाहेर राहिली. माझ्या चाळणीने एकाच बाजूचे योगायोग गोळा केले होते.

किती फरक पडतो, तेही मोजता येते. समजा, सगळ्या शिबिराची सरासरी 130 आहे आणि निवडलेल्यांची 170, म्हणजे अंतर 40. समजा, माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकापैकी 60 टक्के भाग टिकाऊ आहे आणि 40 टक्के त्या दिवसाचा आहे. मग दुसऱ्या खेपेस अंतरातला 60 टक्के भागच उरेल, म्हणजे 24. नवी सरासरी 154. कोणतेही औषध न देता 16 अंकांनी उतार! इतका उतार कोणत्याही नव्या गोळीच्या जाहिरातीला पुरेल.

या गोष्टीत आपला एक मराठी माणूसही आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म 1911 साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी झाला. त्याच वर्षी गाल्टन वारला, आणि त्याने ठेवलेल्या पैशातून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अध्यासन उभे राहिले. पुढे सुखात्मे त्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकले आणि 1936 साली पीएच.डी. झाले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेतली नोकरी संपवून ते पुण्यात आले आणि भारतातल्या भुकेच्या मोजणीवर त्यांनी वाद मांडला. एका पाहणीत कमी खाल्लेला माणूस दिसला, म्हणून तो कायमचा अर्धपोटी ठरत नाही, कारण एकाच माणसाचे खाणे आठवड्या-आठवड्याला बदलते, असे त्यांचे म्हणणे होते. या मुद्द्यावरून गरिबांना लागणाऱ्या अन्नाचा उंबरठाच खाली आणावा, इथपर्यंत ते गेले. वि. म. दांडेकरांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि मला तो विरोध पटतो. खाणे बदलते हे खरे असले, तरी कमी खाऊनही शरीर ठीक राहते हे त्यातून सिद्ध होत नाही.

तरी सुखात्म्यांची एक बारीक गोष्ट आपल्या कामाची आहे. आज कमी खाल्ले तर उद्याही कमी असण्याचा संभव असतो, म्हणजे चढउतार एकमेकांना धरून चालतात. म्हणून सलग आठवडाभर मोजून सरासरी काढली, तरी चढउतार वाटतो तितका धुऊन जात नाही. दुखण्याचेही तसेच आहे. वाईट दिवस एकटा येत नाही, वाईट महिना येतो. आणि रोगी दवाखान्याची पायरी चढतो तो त्याच महिन्यात.

आमच्या पॅथीत पुष्कळ मानला जाणारा एक जर्मन अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. 103 दवाखान्यांतल्या 3981 रुग्णांना आपला त्रास किती ते 0 ते 10 मध्ये सांगायला लावले. मोठ्यांचा आकडा सुरुवातीला 6.2 होता, तो दोन वर्षांनी 3.0 झाला. तुलनेला दुसरा गट नव्हता. समव्यवसायी मला सांगतात, अहो, हे वर्षानुवर्षांचे जुने रोगी होते, आपोआप कसे बरे होतील? जुना रोगही वरखाली होत राहतो, आणि रोगी वरच्या टोकाला असताना यादीत येतो. बरे वाटणे दोन वर्षे टिकले, यानेही प्रश्न सुटत नाही, कारण एकदा नेहमीच्या पातळीवर आलेला त्रास तिथेच राहणार. याचा अर्थ ते 3 अंक निव्वळ योगायोगाचे आहेत असा नाही. त्यांतले किती कशाचे, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही, एवढेच.

मग काय करावे? सर्वांत खात्रीचे म्हणजे त्याच यादीतल्या माणसांत चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना औषध द्यावे आणि अर्ध्यांना द्यायचे थांबावे. सरासरीकडे परतणे दोन्हीकडे सारखेच होते, उरलेला फरक औषधाचा. ते जमत नसेल, तर निवड पहिल्या आकड्यावरून करावी, पण औषधाआधी काही आठवडे जाऊ देऊन पुन्हा मोजावे आणि उतार त्या दुसऱ्या आकड्यापासून धरावा. माझ्या वरच्या हिशेबात तो 154 पासून धरला गेला असता. आणि कागदांत आधीच्या वर्षाच्या नोंदी असतील तर गाल्टनसारखे उलटे पाहावे. टोकाला आलेली माणसे तेव्हा कमी टोकाची होती, तर समजून जावे.

माझ्या टिपणाचे आकडे मी असे तपासायला बसलो, तेव्हा वहीत निवडलेल्यांचेच आकडे सापडले. बाकीच्या शिबिराचे आम्ही लिहूनच ठेवले नव्हते. त्या झेरॉक्सपैकी एक हातात घेऊन मंडईतले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. त्यांनी डॉक्टरांच्या दाबाच्या गोळ्या बंद केल्या होत्या आणि हे मला आनंदाने सांगत होते. तेव्हा मी काही बोललो नाही. हिशेब कळल्यावर त्यांच्या घरी गेलो, गोळ्या पुन्हा सुरू करा असे सांगितले, आणि ती झेरॉक्स मागून घेतली. ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुम्हीच तर लिहिलंय.”