साडेचौदा तास : फसलेल्या सादरीकरणाचा घटनाक्रम

परक्या कॉलेजात शोधनिबंध मांडायचा होता. विषय होता विहिरींच्या पाणीपातळीतले बदल. वेळ दहा मिनिटं, स्लाइड चौदा. सभागृहात गडबड साडेअकराला झाली, पण तिची बीजं आदल्या रात्रीच पडली होती.

रात्री 9:00
घरी खुर्चीत बसून पॉवरपॉइंटचं Rehearse Timings चालू केलं. प्रत्येक स्लाइड मनातल्या मनात वाचली आणि पुढे गेले. शेवटी वेळ आली 9 मिनिटं 20 सेकंद, आणि खाली प्रश्न आला की या वेळा जतन करायच्या का. मी Yes दाबलं. त्या क्षणी प्रत्येक स्लाइडला तिची वेळ चिकटली. आता ती वेळ भरली की स्लाइड आपोआप पुढे सरकणार होती. स्लाइड सॉर्टरमध्ये पाहिलं असतं, तर प्रत्येक स्लाइडखाली सेकंद लिहिलेले दिसले असते.

रात्री 10:30
फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. एकच फाइल, पीपीटीची. मथळे जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये होते. तो फॉन्ट फक्त माझ्या लॅपटॉपवर होता. पीडीएफ केली नाही. बोलायचे मुद्दे प्रत्येक स्लाइडच्या नोट्समध्ये लिहिले होते. प्रेझेंटर व्ह्यूमध्ये ते मला दिसतील, म्हणून कागदावर काहीच उतरवलं नाही.

सकाळी 10:40
कॉलेजात पोचले. चहाच्या सुट्टीत सभागृह रिकामं होतं, वीस मिनिटं हाताशी होती. तेव्हा व्यासपीठावर जाऊन केबल पाहायला हवी होती. मी ओळखीच्यांशी बोलत उभी राहिले.

सकाळी 11:27
नाव पुकारलं. छतावरच्या प्रोजेक्टरची केबल व्हीजीएची, माझ्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. अ‍ॅडॉप्टर माझ्याकडे नव्हता. संयोजक सर म्हणाले, "मॅडम, पेन ड्राइव्ह द्या, आमच्याच कॉम्प्युटरवर लावू."

सकाळी 11:29
फाइल उघडली. मथळ्यांच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं उमटली. या कॉम्प्युटरवर तो फॉन्टच नव्हता.

सकाळी 11:30
F5 दाबलं. पडद्यावर स्लाइड आली, पण माझ्यासमोरच्या मॉनिटरवरही तीच स्लाइड. नोट्स कुठेच नाहीत. Windows+P दाबून Extend निवडायला गेले, तर दुसरा पडदा सापडेना. कारण नंतर कळलं. कॉम्प्युटरमधून एकच केबल निघत होती आणि स्प्लिटर तिचं चित्र मॉनिटर व प्रोजेक्टर दोघांना वाटत होता. कॉम्प्युटरच्या लेखी पडदा एकच. तिथे मॉनिटरवर नोट्स आणि पडद्यावर स्लाइड अशी विभागणी होऊच शकत नाही.

सकाळी 11:31
घाईत Alt+F5 दाबलं. एका पडद्यावरही प्रेझेंटर व्ह्यू उघडणारी ही कळ घरच्या सरावासाठी उत्तम आहे. इथे मात्र माझ्या नोट्स सभागृहासमोर उघड्या पडल्या. तातडीने बंद करून पुन्हा F5.

सकाळी 11:32
पहिल्या स्लाइडवर बोलत असतानाच दुसरी आली. मनात वाचायला चाळीस सेकंद लागले होते, तेच मोठ्याने सांगायला मिनिटाहून जास्त लागत होतं. मी मागे जायची, स्लाइड पुन्हा पुढे पळायची. तेव्हा कीबोर्डवरचं S दाबलं असतं, तर आपोआप चालणं थांबलं असतं. मला ते माहीत नव्हतं.

सकाळी 11:37
घंटा झाली. निष्कर्षाच्या तीन स्लाइड मांडायच्या राहिल्या.

पुढच्या वेळी क्रम बदलला. आठवडाभर आधी फोन करून विचारलं, "केबल कोणती आहे आणि स्वतःचा लॅपटॉप जोडता येतो का?" एचडीएमआयवरून व्हीजीएचा अ‍ॅडॉप्टर घेतला, दिशा तपासून, कारण उलट दिशेचा अ‍ॅडॉप्टर इथे चालत नाही. लॅपटॉप थेट जोडून Extend निवडलं की नोट्स माझ्याकडे आणि स्लाइड लोकांकडे राहतात. मजकूर युनिकोडमध्ये आणला. पेन ड्राइव्हवर पीपीटीसोबत पीडीएफ ठेवली, दोन्ही स्वतःला मेलही केल्या. पीडीएफमध्ये अ‍ॅनिमेशन आणि व्हिडिओ चालत नाहीत, म्हणून महत्त्वाचा आलेख स्थिर चित्रात ठेवला. सराव उभं राहून, मोठ्याने, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर केला. Slide Show टॅबमधली Use Timings ची खूण काढली. एका कागदावर मुद्दे आणि दोन टप्पे लिहिले : पाचवी स्लाइड तिसऱ्या मिनिटाला, दहावी सातव्या मिनिटाला.

तुम्ही परक्या सभागृहात जाणार असाल, तर तो एक कागद खिशात ठेवाच. केबल, फॉन्ट, पडदा यांतलं काहीही फसलं, तरी तो हातात असेल तर बोलणं थांबत नाही.