हरताळापासून दिलगिरीपर्यंत

चूक दुरुस्त करण्याची आपली सर्वांत जुनी रीत एका वाक्प्रचारात अजून जिवंत आहे. पोथी नकलताना लेखनिकाच्या हातून चुकीचे अक्षर पडले की त्यावर तो हरताळाचा पिवळा लेप देई आणि वाळल्यावर त्याच जागी योग्य अक्षर लिही. सुटलेले अक्षर समासात लिहून ओळीत काकपदाची खूण केली जाई. हरताळ फासणे हा शब्दप्रयोग तिथून आला. या रीतीची सोय अशी की पोथी एकच असल्याने चूक आणि दुरुस्ती एकाच पानावर नांदत. छपाई आली आणि एकच चूक शेकडो प्रतींत पोचू लागली. 1478 मध्ये व्हेनिसला छापलेल्या जुव्हेनल या रोमन कवीच्या ग्रंथाला छापील चुकांची यादी जोडलेली आढळते. अशा याद्यांतली ती आरंभीची मानतात. मराठी पुस्तकांच्या अखेरीस आपण पाहतो ते शुद्धिपत्र, म्हणजे पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने, त्याच कुळातले. त्यात दिलगिरीचा शब्दही नसतो, पण कुठे चुकले, काय चुकले आणि खरे काय, हे तिन्ही असते.

वर्तमानपत्राने ही घडी मोडली. पुस्तकाचा वाचक शुद्धिपत्र पाहून मागे जाऊ शकतो. कालचा अंक मात्र रद्दीत गेलेला असतो. म्हणून वृत्तपत्रातली दुरुस्ती स्वतःच्या पायावर उभी राहावी लागते. 25 सप्टेंबर 1690 रोजी बॉस्टनमध्ये बेंजामिन हॅरिसने काढलेल्या वृत्तपत्रात वचन होते की महत्त्वाची चूक आढळल्यास ती पुढच्या अंकात सुधारली जाईल. परवान्याशिवाय निघालेले ते पत्र सरकारने पहिल्याच अंकानंतर बंद पाडले आणि ते वचन पाळण्याची संधी हॅरिसला मिळाली नाही.

आता 13 जानेवारी 1920 च्या न्यूयॉर्क टाइम्सपाशी थांबू. रॉबर्ट गॉडर्ड या भौतिकशास्त्रज्ञाने रॉकेट चंद्रापर्यंत पोचू शकेल असे मांडले होते. संपादकीय पानावरच्या स्फुटाने ते उडवून लावले: निर्वात जागेत रेटा द्यायला काहीच नसताना रॉकेट पुढे कसे जाईल? शाळेत शिकवले जाणारे ज्ञानही या प्राध्यापकाला नाही, असा टोमणाही मारला. वास्तविक रॉकेट हवेला रेटतच नाही. मागे फेकलेल्या वायूची प्रतिक्रिया त्याला पुढे ढकलते आणि तिला हवेची गरज नसते. अपोलो 11 चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, 17 जुलै 1969 रोजी, त्याच पत्राने दुरुस्ती छापली. तिची घडण पाहण्यासारखी आहे. आधी मूळ तारीख आणि सदराचे नाव, मग त्या स्फुटातला उतारा, मग रॉकेट निर्वात जागेतही चालते हे स्पष्ट विधान, शेवटी चुकीबद्दल खेद. मूळ अंक न पाहिलेल्यालाही सारे कळते. तरीही माझ्या मते ती अपुरी आहे. खेद विज्ञानाच्या चुकीचा आहे, माणसाच्या अवहेलनेचा नाही. आणि गॉडर्ड 1945 मध्येच वारला होता.

हा फरक पुढे त्याच पत्राने ओळखला. 1972 पासून तिथे दुरुस्त्यांना ठरलेली जागा मिळाली आणि 1983 मध्ये ‘संपादकांची टीप’ हा वेगळा प्रकार सुरू झाला. नाव, तारीख, आकडा चुकला तर दुरुस्ती; बातमीतला एखादा पक्ष डावलला गेला, तोल गेला, तर टीप. प्रमाण राखायचे ते इथे. 4 मार्च 2014 रोजी याच पत्राने 20 जानेवारी 1853 च्या बातमीतली चूक सुधारली. गुलामगिरीतून सुटलेल्या सॉलोमन नॉर्थप यांचे आडनाव बातमीत आणि मथळ्यात दोन वेगवेगळ्या रीतींनी चुकले होते. 161 वर्षे उलटली होती, तरी चूक स्पेलिंगची म्हणून दुरुस्तीही मोजक्या ओळींची. दोन्ही चुकीची रूपे दाखवून योग्य रूप दिले आणि विषय संपवला.

आपल्याकडे मात्र ‘अनवधानाने काही मजकूर चुकीचा प्रसिद्ध झाला, दिलगीर आहोत’ एवढ्यावर भागवण्याची सवय आहे. कोणता मजकूर, ते वाचकाला कळत नाही. ज्याने चूक वाचलीच नव्हती त्याच्या मनात मात्र शंका शिरते. समजा, मंगळवारच्या अंकात पाणी बंद राहण्याचा वार चुकला. मग लिहावे: ‘मंगळवारच्या अंकात पान 3 वरील बातमीत शहराचा पाणीपुरवठा बुधवारी बंद राहील असे छापले होते. तो गुरुवारी बंद राहणार आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’ तीन वाक्ये पुरतात. पण बातमी पहिल्या पानावर असेल तर ही तीन वाक्येही पहिल्याच पानावर यावीत, आणि चुकीने एखाद्याला आरोपी ठरवले असेल, तर तो आरोपी नाही हे त्याच्या नावानिशी, पहिल्याच वाक्यात सांगावे. संपादकांनी उद्याच्या अंकापासून एवढे तरी करावे.