काठिण्यपातळी पानावर छापलेली नसते

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या शिक्षकखोल्यांतून हल्ली एक मत ठामपणे ऐकू येते. घटक चाचणी काढायची तर पुस्तकातल्या सरावसंचांचे मोबाईलवर फोटो काढावेत, ते एखाद्या एआय साधनाला द्यावेत आणि प्रश्नप्रकार, घटक व काठिण्यपातळी असा तयार तक्ता घ्यावा. मग सोपे, मध्यम, कठीण यांचे प्रमाण ठरवून प्रश्न उचलले की पत्रिका संतुलित झालीच.

हे मत मांडणाऱ्यांची बाजू कमकुवत नाही. बालभारतीचे पुस्तक पीडीएफ रूपात मोफत मिळते, पण त्यातला मराठी मजकूर उचलून चिकटवला की अक्षरे अनेकदा विस्कटतात, त्यामुळे फोटो हाच जवळचा रस्ता ठरतो. शिवाय आपल्याकडे संविधान तक्ता बहुधा पत्रिका तयार झाल्यावर, फाईलपुरता, उलटा भरला जातो. या तक्त्यामागची उद्दिष्टांवरून प्रश्नांकडे जाण्याची मूळ पद्धत आपल्याकडे बेंजामिन ब्लूम यांच्या १९५६ सालच्या वर्गीकरणातून आली. परीक्षा सुधारणेसाठी ब्लूम स्वतः १९५७-५८ च्या सुमारास भारतात आले होते. आधी तक्ता आणि मग पत्रिका हा त्यांचा क्रम फोटोमुळे पुन्हा शक्य होत असेल, तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. माझा आक्षेप एकाच रकान्याला आहे. काठिण्यपातळी हा प्रश्नाचा छापील गुणधर्म आहे, असे हा तक्ता गृहीत धरतो, आणि ते खरे नाही.

दहावीच्या गणित भाग १ मधले वर्गसमीकरणांचे प्रकरण घ्या. त्यात अवयव पाडून, पूर्ण वर्ग करून आणि सूत्राने असे सोडवण्याचे तीन मार्ग वेगवेगळ्या सरावसंचांत येतात. आता x² − 9x + 20 = 0 हे माझे समीकरण पाहा. अवयव पद्धतीने ते तोंडी सुटते, कारण 4 आणि 5 यांचा गुणाकार 20 आणि बेरीज 9. पण सूचना ‘पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा’ अशी असेल तर मुलाला 9 ची निमपट करावी लागते, तिचा वर्ग 81/4 घ्यावा लागतो आणि (x − 9/2)² = 1/4 इथपर्यंत अपूर्णांक सांभाळत यावे लागते. उत्तरे तीच येतात, चुकण्याच्या जागा मात्र चौपट होतात. याउलट x² − 8x + 12 = 0 दोन्ही पद्धतींनी सरळ सुटते, कारण 8 ची निमपट पूर्णांक आहे. दोन्ही समीकरणे कागदावर सारखीच दिसतात, म्हणून तक्त्यात दोहोंपुढे ‘सोपे’ लागते.

फोटोने ही अडचण आणखी वाढते. सूचना एका पानाच्या तळाशी असते आणि तिचे शेवटचे उपप्रश्न पुढच्या पानाच्या माथ्यावर येतात. दुसऱ्या पानाचा फोटो स्वतंत्र दिला की ते उपप्रश्न सूचनेवाचून उरतात, आणि साधन त्यांना ‘समीकरण सोडवा’ एवढीच ओळख देते. दुसरा दोष कृतीच्या प्रश्नांत सापडतो. रिकाम्या चौकटी वाचताना कधी गळतात, कधी शून्य होतात. मग ‘कृती पूर्ण करा’ हा प्रश्न तक्त्यात साध्या उदाहरणाच्या रूपात उतरतो. दहावीच्या ४० गुणांच्या पत्रिकेत कृतीचे प्रश्न वेगळे मांडलेले असतात, त्यामुळे प्रकारच चुकला तर गुणांची मांडणीही चुकते. x² चे x2 होते, वजाचे चिन्ह पुसट शाईत हरवते. हे सगळे दोष निदान डोळ्यांना दिसतात. पुस्तकातले उपप्रश्न बोटाने मोजून तक्त्यातल्या ओळींशी ताडले आणि प्रत्येक समीकरण एकदा पडताळले की ते पकडता येतात. काठिण्याचा दोष असा पकडता येत नाही, कारण तिथे ताडून पाहायला पानावर काहीच नसते.

यावर उत्तर येते की, साधन अंदाज करतेच ना, आणि अनुभवी शिक्षक तरी दुसरे काय करतो? शिक्षकाच्या अंदाजाला मात्र एक आधार असतो, जो फोटोत येत नाही. फळ्यावर काय सोडवले ते त्याला ठाऊक असते. साधन लांबी पाहते. शेताची लांबी रुंदीपेक्षा 5 मीटरने जास्त आणि क्षेत्रफळ 84 चौरस मीटर, असे चार ओळींचे शाब्दिक उदाहरण आले की त्यावर ‘कठीण’ पडते. वर्गात तसलेच उदाहरण, आकडे बदलून, कालच झाले असेल तर ते आठवणीचे काम आहे. उलट kx² − 6x + 1 = 0 ची मुळे समान असल्यास k काढा, हा एका ओळीचा प्रश्न. विवेचक शून्य मानायचा हे ज्याला सुचले त्याला k = 9 लगेच मिळते; ज्याला सुचले नाही तो कोरा कागद देतो. ओळींची संख्या इथे काहीच सांगत नाही.

काठिण्य वर्गागणिक बदलते. बारामती शहरातल्या ज्या तुकडीत बहुतेक मुले क्लासला जातात, तिथे संपूर्ण सरावसंच गाईडमधून आधीच सुटलेला असतो. भिगवणच्या बाजूला उजनीच्या जलाशयाकाठच्या एखाद्या शाळेत पुस्तक हेच एकमेव साधन असेल, तर तोच प्रश्न मुले चाचणीत प्रथमच स्वतःच्या हिमतीवर सोडवत असतात. अर्थनियोजनाच्या प्रकरणातला जीएसटी पेठेतल्या दुकानदाराच्या मुलीला बिलावरून माहीत असतो, शेअरची दलाली मात्र दोन्हीकडे परकी असू शकते. एकच पान, एकच फोटो, आणि दोन तालुक्यांत दोन वेगळे खरे काठिण्य.

म्हणून मी तक्ता टाकून द्या म्हणत नाही, त्याचा शेवटचा रकाना बदला म्हणतो. साधनाकडून ‘सोपे-मध्यम-कठीण’ मागूच नये. पानावर दिसणारी कारणे मागावीत: मूळ सूचना, पायऱ्या किती, आकडे पूर्णांक की अपूर्णांक की करणी, आणि अशाच घडणीचे सोडवलेले उदाहरण आधी आहे का. त्यासाठी सरावसंचाआधीच्या सोडवलेल्या उदाहरणांच्या पानांचेही फोटो द्यावे लागतात, आणि नेमके तेच सगळे विसरतात. वरच्या प्रश्नांचा तक्ता मग, नमुन्यादाखल आणि पायऱ्यांचा रकाना वगळून, असा होतो:

| प्रश्न | सूचना | आकडे | सोडवलेले उदाहरण | काठिण्य |
|---|---|---|---|---|
| x² − 9x + 20 = 0 | पूर्ण वर्ग | अपूर्णांक | आहे, पण पूर्णांकांचे | |
| x² − 8x + 12 = 0 | पूर्ण वर्ग | पूर्णांक | आहे | |
| kx² − 6x + 1 = 0 | मुळे समान, k काढा | पूर्णांक | नाही | |

शेवटचा रकाना कोरा ठेवला आहे तो मुद्दाम. तो शिक्षकाने चाचणीआधी पेन्सिलने भरायचा आणि पेपर तपासताना शाईने. जितक्या मुलांनी प्रश्न बरोबर सोडवला त्या संख्येला एकूण मुलांच्या संख्येने भागले की त्या प्रश्नाचा निर्देशांक मिळतो. तो जितका मोठा तितका प्रश्न सोपा. ४० पैकी ३४ बरोबर आले तर ०.८५, १० आले तर ०.२५. पेन्सिल आणि शाई जिथे जुळत नाहीत, तिथे मुलांच्या वह्यांत जाऊन पाहावे. k च्या प्रश्नात मुले विवेचकापर्यंत पोहोचून आकडेमोडीत चुकली, की विवेचक त्यांना सुचलाच नाही? एकच निर्देशांक दोन्ही कारणांनी येऊ शकतो, आणि शिकवताना करायची दुरुस्ती मात्र दोन्हींत वेगळी असते.

या निर्देशांकालाही मर्यादा आहे. ४० मुलांपैकी २२ जणांचे उत्तर बरोबर आले, तर तेवढ्याच तयारीच्या दुसऱ्या ४० मुलांत ते साधारण १३ ते ३१ मधले काहीही येऊ शकते. त्यामुळे एका तुकडीवरून ०.५५ आणि ०.६० मधला फरक वाचू नये, आणि तीन पायऱ्यांहून बारीक वर्गवारीही करू नये. दोन-तीन तुकड्यांचे किंवा दोन वर्षांचे पेपर एकत्र केले की हा पल्ला आखडतो, मात्र त्या काळात शिकवण्याची पद्धत आणि सोडवून दिलेली उदाहरणे फारशी बदललेली नसावीत.