ताम्रपटांचे मौन : प्रवरसेनाचे पुत्र

वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याला पुराणांत ‘प्रवीर’ म्हटले असून त्याचे चार पुत्र राजे होतील असे तेथे भविष्यरूपाने सांगितले आहे. विदर्भात सापडलेल्या वाकाटक ताम्रपटांत मात्र गौतमीपुत्र या एकाच पुत्राचा उल्लेख येतो. तेव्हा उरलेले तीन पुत्र ही पुराणकारांची कल्पना होय, असे अनुमान कोणालाही सुचावे.

या अनुमानाचा निकाल १९३९ साली वाशीम येथे मिळालेल्या ताम्रपटाने लावला. हे दान दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या ३७ व्या राज्यवर्षी वत्सगुल्माहून दिले. संस्कृतात लिहिलेल्या त्याच्या वंशावळीत दात्याचा पिता सर्वसेन आणि सर्वसेनाचा पिता प्रवरसेन असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे राज्य करणारा दुसरा पुत्र मिळाला, आणि त्याच्याबरोबर वाकाटकांची एक अज्ञात शाखाही उजेडात आली. त्यानंतर डॉ. वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेख पुन्हा तपासला. त्यातील झिजलेल्या अक्षरांच्या जागी पूर्वीच्या संपादकांनी मुख्य शाखेतील परिचित नावे कल्पिली होती. मिराशींना तेथे वत्सगुल्म शाखेचे राजे आढळले. पुरावा भिंतीवर होताच. गैरसमजाने तो झाकला गेला होता.

पहिले अनुमान फसले याचे कारण ताम्रपटाच्या स्वरूपात आहे. दानपत्रात दाता आपले पूर्वज सांगतो. चुलते व चुलतभाऊ यांची नोंद करण्याचे त्याला प्रयोजन नसते. सर्वसेन असता तरी नंदिवर्धनच्या लेखकाने त्याचे नाव घातले नसते. मीमांसकांनी अनुपलब्धीला प्रमाण मानले, पण वस्तू असती तर ती दिसलीच असती अशी स्थिती असेल तेव्हाच. या ‘योग्य’ अनुपलब्धीची अट येथे पुरी होत नाही.

त्याच ताम्रपटांतील दुसरे मौन मात्र बोलके आहे. प्रवरसेनाला व त्याचा नातू पहिला रुद्रसेन याला ‘महाराज’ हे पद आवर्जून लावलेले असते. मातामह भवनागही ‘भारशिवांचा महाराज’ म्हणून येतो. मधला गौतमीपुत्र तेवढा बिरुदावाचून राहतो, आणि रुद्रसेनाचा निर्देश ‘प्रवरसेनाच्या मुलाचा मुलगा’ अशा वळणाने होतो. हे एखाद्या पटात घडले असते तर लेखकाचा प्रमाद म्हणता आले असते. पण अनेक पटांत ठराविक मसुद्यातच ते येते. जेथे पद लावण्याचा शिरस्ता आहे तेथेच ते गळल्यामुळे गौतमीपुत्र राज्यावर आला नाही, बहुधा पित्याच्या हयातीतच वारला, असे अभ्यासक मानतात. यातील पूर्वार्ध भक्कम आहे; मृत्यूचा काळ हा तर्क.

याच कसोटीने पाहता गौतमीपुत्र राजा न झाल्याने त्याच्या जागी रुद्रसेन धरावा लागतो, आणि पुराणांतील उरलेल्या दोन पुत्रांची नावे आजही अज्ञातच आहेत. त्यांच्या वंशजांचे दानपत्र उपलब्ध नाही. नंदिवर्धन व वत्सगुल्म यांचे पट त्यांच्याविषयी गप्प आहेत, पण ते बोलतील अशी अपेक्षाच नव्हती.