कमीत कमी तारेची कुळकथा

कमीत कमी तारेत सगळे बिंदू जोडण्याच्या दोन रीती पाठ्यपुस्तकांत क्रुस्कल आणि प्रिम या अमेरिकी नावांनी येतात. त्यांच्यामागच्या प्रश्नाचं मूळ घर मात्र आजच्या चेक प्रजासत्ताकातलं, मोराव्हियातलं. १९२०च्या दशकात तिथे गावोगाव वीज पोहोचत होती. पश्चिम मोराव्हियाच्या वीज कंपनीत काम करणाऱ्या एका मित्राने ब्रनोचे तरुण गणिती ओटाकर बोरूव्का यांच्यापुढे प्रश्न ठेवला: सगळी गावं जोडली जावीत आणि तार कमीत कमी लागावी, तर जाळं कसं टाकायचं? बोरूव्कांनी १९२६ साली उत्तर छापलं. एक लेख गणितींसाठी होता, दुसरा छोटा लेख वीज अभियंत्यांसाठी.

सहा गावं घेऊ: अ, ब, क, ड, इ, फ. टाकता येतील अशा तारांची लांबी किलोमीटरमध्ये अशी आहे: इ–फ १, ड–इ २, अ–क ३, अ–ब ४, ब–क ५, ब–ड ६, क–इ ७, क–ड ८, ड–फ ९.

बोरूव्कांची रीत म्हणजे प्रत्येक गावाने आपली सगळ्यात आखूड तार निवडायची. अ आणि क एकमेकांना निवडतात, ब अ-ला, ड इ-ला, इ आणि फ एकमेकांना. अ-ब-क आणि ड-इ-फ असे दोन पुंजके झाले. मग प्रत्येक पुंजक्याने बाहेर जाणारी सगळ्यात आखूड तार निवडायची. दोघांचीही निवड ब–ड, ६ किलोमीटर. दोन फेऱ्यांत काम संपलं. एकूण तार १६ किलोमीटर.

विचार सुंदर, पण बोरूव्कांनी तो मांडला फार किचकट. तो वाचून प्राहाच्या व्होयतेख यार्निक यांनी त्यांना पत्र लिहून सोपी वाट सुचवली. १९३० साली ते लेख म्हणून छापलं गेलं, आणि 'बोरूव्कांना लिहिलेल्या पत्रातून' हे त्याच्या शीर्षकातच आहे. एकाच गावापासून सुरुवात करायची. जोडलेल्या गावांपासून न जोडलेल्या गावांकडे जाणाऱ्या तारांतली सगळ्यात आखूड दर वेळी घ्यायची. अ-पासून निघालो तर ३, ४, मग ६, त्यानंतर २ आणि शेवटी १. जाळं वाढतं एकसंध, पण ६ किलोमीटरची तार १ किलोमीटरच्या आधी पडते. नवख्याला इथे हमखास शंका येते. ती फिटते ब–ड पाशी: अ-ब-क एका बाजूला आणि ड-इ-फ दुसऱ्या, असे दोन भाग पाडले की त्यांना जोडू शकणाऱ्या तारा तीनच, ६, ७ आणि ८. त्यांतली एक तरी घ्यावीच लागणार, मग ६ कधीही घेतली तरी चालते.

१९५६ साली जोसेफ क्रुस्कल यांनी बोरूव्कांचा लेख पाहूनच आपली सरळ रीत मांडली: सगळ्या तारा लांबीनुसार लावा, आखूडपासून घेत जा, फेरा पूर्ण करणारी सोडा. १, २, ३, ४ घेतल्या, ५ सोडली, कारण ब आणि क अ-मार्गे आधीच जोडलेले होते, मग ६. तेच जाळं, तेच १६. मला क्रुस्कल यांच्या लेखातली दुसरी रचना जास्त आवडते. तिथे सुरुवातीच्या बिंदूंचा कोणताही संच धरता येतो. सगळे बिंदू धरले तर क्रमवारीची रीत निघते, एकच धरला तर यार्निकची. म्हणजे दोन्ही रीती एकाच लेखात शेजारी बसलेल्या होत्या. तरीही दुसरी रीत पुढच्या वर्षी बेल लॅब्जच्या रॉबर्ट प्रिम यांनी, यार्निकचा पत्ता नसताना, स्वतंत्रपणे काढली आणि नाव त्यांचंच चिकटलं.

निवड कशी करायची? तारा थोड्या असतील किंवा आधीच क्रमाने लावलेल्या असतील, तर क्रमवारी बरी. फक्त कोणतं गाव कोणत्या पुंजक्यात आहे याची नोंद ठेवावी लागते. प्रत्येक गाव प्रत्येकाशी जोडता येत असेल, तर हजार गावांच्या जवळपास पाच लाख तारा होतात. तिथे एका गावापासून वाढवलेलं बरं, कारण दर बाहेरच्या गावामागे त्याची सध्याची सगळ्यात जवळची तार एवढीच लक्षात ठेवायची असते. १९५९ साली डाइक्स्ट्रा यांनी एका छोट्या लेखात तीच रीत पुन्हा मांडली, ती याच मुद्द्यावर: सगळ्या तारा एकदम स्मृतीत ठेवायला नकोत.

त्याच छोट्या लेखात त्यांची सर्वात जवळच्या वाटेची रीतही आहे, आणि गोंधळ तिथेच होतो. दोन्हींची मांडणी सारखी दिसते, पण वाटेच्या रीतीत आरंभापासूनचं एकूण अंतर मोजतात. ते चुकून इथे वापरलं तर इ हे गाव अ-पासून क-मार्गे १० किलोमीटरवर, तर ब आणि ड-मार्गे १२ वर दिसतं. म्हणून ड–इ ऐवजी क–इ निवडली जाते. जाळं तरीही सगळ्या गावांना जोडतं, फेराही नसतो, तारा पाचच असतात. चूक कळते ती फक्त बेरजेत: ३, ४, ६, ७ आणि १ मिळून २१.