आत्महत्येच्या वार्तेची भाषा : साखरा परिसराच्या संदर्भात

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यानंतरच्या दशकात मराठवाड्यातील शेतकरी-आत्महत्यांच्या वार्ता मराठी वृत्तपत्रांत नित्याच्याच झाल्या. सेनगाव तालुक्यातील साखऱ्यासारख्या गावांतून जिल्ह्याच्या ठिकाणी येणाऱ्या अशा वार्तांचा एक साचा ठरून गेला. नमुन्यादाखल रचलेले पुढील वाक्य पाहावे : ‘नापिकी व कर्जबाजारीपणास कंटाळून साखरा येथील एका तरुण शेतकऱ्याने विष प्राशन करून जीवनयात्रा संपविली.’ एवढ्या छोट्या वाक्यात चार दोष आहेत, आणि ते कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

वार्तेच्या रीतीचा मृत्यूंच्या संख्येशी संबंध असू शकतो, याचा सर्वांत ठळक पुरावा व्हिएन्ना शहरातून मिळाला. तेथील भुयारी रेल्वे १९७८ मध्ये सुरू झाली. १९८४ पासून तेथील आत्महत्या झपाट्याने वाढल्या व वृत्तपत्रे त्यांची सविस्तर, नाट्यमय वर्णने छापू लागली. १९८७ च्या मध्यास आत्महत्या-प्रतिबंधाचे कार्य करणाऱ्या तज्ज्ञांनी संपादकांपुढे काही नियम ठेवले आणि बहुतेकांनी ते पाळले. पुढील सहा महिन्यांत त्या रेल्वेवरील आत्महत्या व आत्महत्येचे प्रयत्न तीन-चतुर्थांशांहून अधिक घटले. जागतिक आरोग्य संघटनेने २००० मध्ये वृत्तव्यवसायासाठी पुस्तिका काढली. तिच्या आधारे भारतीय वृत्तपत्र परिषदेने सप्टेंबर २०१९ मध्ये आपले नियम जाहीर केले. वार्ता ठळक जागी देऊ नये व तिची पुनरुक्ती करू नये. साधनाचे वर्णन व स्थळाचा तपशील टाळावा. मृत्यू हा अडचणीवरील उपाय भासेल अशी भाषा वापरू नये. छायाचित्रे छापू नयेत, असा त्यांचा आशय आहे.

आता वरील वाक्याकडे वळू. ‘विष प्राशन करून’ हा साधनाचा उल्लेख होय. कापूस व सोयाबीन पिकविणाऱ्या मुलखात ते साधन घरोघर असते, म्हणून तो वगळावा. ‘जीवनयात्रा संपविली’ हा अलंकार दिसावयास सभ्य असला तरी मृत्यूला यात्रेच्या शेवटाची शांतता देतो. त्यापेक्षा ‘आत्महत्येने मृत्यू झाला’ हे साधे विधान बरे. (‘आत्महत्या’ या शब्दातच ‘हत्या’ आहे ही तक्रार खरी आहे, परंतु रूढ पर्याय नसताना नवा शब्द घडविण्याने वाचक गोंधळेल.) तिसरा दोष गावाच्या नावाचा. लहान गावात ‘तरुण शेतकरी’ एवढ्याने घर ओळखता येते. तालुक्याचा उल्लेख पुरेसा आहे.

खरा कठीण प्रश्न ‘कंटाळून’ या शब्दाचा आहे. आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसते. आजार, व्यसन, कलह, देणे यांची गुंतागुंत असते. म्हणून कारण ठामपणे सांगू नये, असे नियम म्हणतात. परंतु महाराष्ट्रात २००५-०६ मधील शासननिर्णयांनी मृत शेतकऱ्याच्या कुटुंबास एक लाख रुपयांचे साहाय्य ठरविले. त्यासाठी जमीनधारणा व थकीत कर्ज यांची पडताळणी होऊन प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. साहजिकच कुटुंबाची अपेक्षा असते की वार्तेत कर्जाचा उल्लेख यावा. शिवाय कर्जाचा उल्लेखच पुसला, तर ज्या आर्थिक संकटाने हे मृत्यू सार्वजनिक प्रश्न बनविले, तेच वार्तेतून नाहीसे होईल. ही अडचण नियमकर्त्यांनी पुरेशी ओळखली आहे असे वाटत नाही.

तिचा मार्ग वाक्यरचनेत सापडतो. ‘कर्जास कंटाळून’ यात बातमीदार स्वतः निदान करतो. ‘कुटुंबावर बँकेचे पीककर्ज थकीत असल्याचे नातेवाइकांनी सांगितले; पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद झाली असून चौकशी चालू आहे’ यात तीच माहिती आहे, परंतु ती कोणाची हे स्पष्ट आहे. कुटुंबाचे नुकसान होत नाही, कारण पात्रता महसूल व बँकेच्या दस्तऐवजांवर ठरते, वृत्तपत्राच्या कात्रणावर नव्हे. ‘अपात्र आत्महत्या’ हा कचेरीतील शब्दप्रयोग मात्र बातमीदाराने तसाच उचलू नये. अपात्र असतो तो साहाय्याचा प्रस्ताव, मृत्यू नव्हे.

लैंगिक अत्याचाराच्या वार्तेत हाच विवेक कायद्याने सक्तीचा केला आहे. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलिस ठाण्यात १९७२ मध्ये घडलेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपींना सोडले. त्यावरील क्षोभानंतर १९८३ मध्ये पीडितेची ओळख उघड करणे हा अपराध ठरला. आज ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. ज्या आदिवासी मुलीमुळे हे संरक्षण आले, तिचे नाव मात्र त्यापूर्वीच सर्वत्र छापले गेले होते. ‘अब्रू लुटली’ हा तेव्हाचा रूढ प्रयोग घटनेचा कलंक तिच्याच माथी मारतो. ‘अत्याचार केला’ म्हणताना कर्ता पुढे येतो.

आत्महत्येच्या वार्तेअखेरीस साहाय्याचा पत्ता असावा, असेही हे नियम सुचवितात. महाराष्ट्रात १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीतून बोलता येते. साखऱ्याकडील वाचकाला वार्तेतील अन्य कोणत्याही तपशिलापेक्षा हा क्रमांक अधिक उपयोगी पडेल.